इथर जागच्या जागी, टोकन मात्र तीस टक्के खाली

*दोन महिन्यांपूर्वी मी ETH3L हे तिप्पट लिव्हरेजचं टोकन घेतलं. त्यानंतर इथर रोज वर-खाली होत राहिला आणि आज बरोबर त्या दिवशीच्या भावावर आलाय. माझ्या १०० डॉलरचे मात्र ७० झालेत. लिक्विडेशन झालं नाही, मधे मी एकही व्यवहार केला नाही. मग एक्स्चेंजने पैसे खाल्ले का? मित्र म्हणतो, थांब, इथर चढला की तिप्पट वेगाने भरून निघेल. मला वाटतंय की सोबत थोडं ETH3S, म्हणजे इथर पडला की तिप्पट चढणारं टोकन, घेऊन ठेवावं, म्हणजे तोल राहील. साठ दिवसांचे बंद भाव जोडलेत.*
*— बुचकळ्यात पडलेला धारक*

नमस्कार,

तुमचे भाव शीटमध्ये टाकून पाहिले. कुणी पैसे खाल्लेले दिसत नाहीत. टोकनने जे कबूल केलं होतं तेच केलंय, फक्त ती कबुली आपण नीट वाचत नाही. ‘तिप्पट’ म्हणजे इथरच्या एका दिवसाच्या हालचालीच्या तिप्पट. दुसऱ्या दिवशी हिशेब कोऱ्या पाटीवर सुरू होतो, जेवढं भांडवल उरलंय तेवढ्यावर. साठ दिवसांच्या हालचालीच्या तिप्पट देऊ, असं कुणीच म्हटलेलं नाही.

दोनच दिवसांचं उदाहरण घेतो आणि टोकनच्या पोटात काय चालतं ते बघू. सोयीसाठी इथरचा भाव १०० धरा. टोकनकडे तुमचे १०० डॉलर आहेत आणि त्यावर त्याने परपेच्युअल फ्युचरमध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या वायद्यात, ३०० डॉलरचा सौदा उभा केलाय.

पहिल्या दिवशी इथर १० टक्के चढून ११० झाला. ३०० चा सौदा ३३० चा झाला, नफा ३०, भांडवल १३०. इथवर छान. पण आता ३३० भागिले १३० केलं तर लिव्हरेज उरतं जेमतेम २.५४. उद्याही तिप्पट द्यायचंय, म्हणजे १३० वर ३९० चा सौदा हवा. म्हणून टोकन दिवसाच्या शेवटी आणखी ६० डॉलरचा इथर घेतं. तो घेतं ११० च्या भावाने, भाव चढल्यानंतर.

दुसऱ्या दिवशी इथर परत १०० वर आला, म्हणजे ९.०९ टक्के पडला. ३९० चा सौदा ३५४.५५ चा झाला, तोटा ३५.४५. भांडवल उरलं ९४.५५. इथर जिथल्या तिथे आणि तुमचे साडेपाच डॉलर गायब. आता लिव्हरेज पावणेचारपर्यंत गेलंय, ते तिनावर आणायला टोकन जवळपास ७१ डॉलरचा इथर विकतं. या वेळी १०० च्या भावाने, भाव पडल्यानंतर.

ते साडेपाच डॉलर गेले कुठे? पहिल्या संध्याकाळी ११० ला घेतलेल्या त्या ६० डॉलरवर ९.०९ टक्के तोटा काढून पाहा: ५.४५. पैनपै जुळतं. बाकीचे ३०० डॉलर ११० ला गेले आणि १०० ला परतले, त्यांचं काहीच बिघडलं नाही. सगळा तोटा त्या चढ्या भावात घेतलेल्या जादा मालाचा आहे. रोज लिव्हरेज तिनावर आणायचं म्हणजे रोज चढल्यावर घ्यायचं आणि पडल्यावर विकायचं. माणसाने असा व्यापार केला तर घरचे त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतील. टोकन तेच शिस्तीत, रोज ठरल्या वेळी करतं. यालाच व्होलॅटिलिटी डिके म्हणतात. मी आपली ‘झीज’ म्हणतो.

या झिजेचा वेग कशावर ठरतो, तेही बघण्यासारखं आहे. वर दहा टक्क्यांच्या जोडीत साडेपाच टक्के गेले. तीच जोडी पाच टक्क्यांची असती, म्हणजे १०० चे १०५ आणि परत १००, तर टोकन ९८.५७ वर राहिलं असतं, झीज दीड टक्क्याहून कमी. हालचाल निम्मी झाली तर झीज जवळपास चौथाईवर येते, कारण ती हालचालीच्या वर्गाने वाढते. तिप्पट टोकनसाठी अंदाज सोपा आहे: रोजच्या सरासरी हालचालीचा वर्ग गुणिले तीन, ही एका दिवसाची झीज. रोज २ टक्के हलणाऱ्या बाजारात ती दिवसाला ०.१२ टक्के पडते, लक्षातही येत नाही. ४ टक्के हलणाऱ्या बाजारात ०.४८ टक्के. तुमच्या साठ दिवसांत इथरची रोजची हालचाल, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण ४ टक्के निघते. ०.४८ टक्क्यांचं चक्रवाढ साठ दिवस उलट्या दिशेने लावलं की १०० चे ७५ उरतात.

अंदाजावर विसंबू नका, स्वतः करून पाहा. B स्तंभात B1 पासून B61 पर्यंत बंद भाव भरा. C2 मध्ये पहिलं सूत्र लिहून खाली C61 पर्यंत ओढा आणि मग कुठल्याही रिकाम्या चौकटीत दुसरं लिहा.

```
=1+3*(B2/B1-1)
=PRODUCT(C2:C61)
```

उत्तर येईल ०.७५ च्या आसपास. म्हणजे तुमच्या तीस डॉलरपैकी पंचवीस हे निव्वळ गणित आहे. ते कुणाच्याही खिशात चोरून गेलेले नाहीत.

उरलेला फरक, ७५ चे ७०, हा खर्चाचा. दिवसाला ०.०३ टक्के व्यवस्थापन शुल्क धरलं तर साठ दिवसांचं १.८ टक्के होतं. त्याहून मोठं असतं फंडिंग. टोकनने इथर विकत घेऊन तिजोरीत ठेवलेला नाही, परपेच्युअल फ्युचर धरलंय, आणि बाजारात खरेदीदारांचं पारडं जड असलं की लाँग बाजू, म्हणजे चढण्यावर पैज लावणारे, शॉर्ट बाजूला, म्हणजे पडण्यावर पैज लावणाऱ्यांना, फंडिंग देते. दर आठ तासांना ०.०१ टक्के हा नेहमीचा दर धरला तर दिवसाला ०.०३ टक्के, पण तो तिप्पट सौद्यावर बसतो, म्हणजे तुमच्या भांडवलावर ०.०९. साठ दिवसांचे झाले ५.४. शुल्क आणि फंडिंग मिळून सात टक्क्यांच्या घरात. ७५ मधून सात टक्के वजा केले की ७० च्या आसपासच येतं. हिशेब बंद.

तो असा जुळला नसता तर मी दोन ठिकाणी बघितलं असतं. एक, तुम्ही टोकन घेतलं तेव्हा त्याचा बाजारभाव त्याच्या एनएव्हीच्या, म्हणजे आतल्या खऱ्या मूल्याच्या, वर होता का. गर्दीच्या दिवशी हा फरक चांगलाच पडतो, आणि वर दिलेले पैसे परत येत नाहीत. दुसरी जागा जास्त फसवी आहे, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बरीच टोकनं दिवसाच्या ठरल्या वेळेची वाट न पाहता मधेच सौदा कापतात. एफटीएक्स या एक्स्चेंजच्या तिप्पट टोकनांचा नियम असा होता की दिवसभरात बाजार उलटा जाऊन लिव्हरेज तिनाचं चार झालं की तिथल्या तिथे तिनावर आणायचं. भाव सुमारे ११.१५ टक्के पडला की हे घडतं. आता असा दिवस धरा: इथर १०० वर उघडला, दुपारी ८८.८५ ला गेला आणि रात्री परत १०० वर बंद झाला. पडताना टोकनचं भांडवल ६६.५५ झालं, सौदा २६६.५५ चा उरला. नियमाप्रमाणे त्याने ६७ डॉलरचा इथर तळालाच विकून सौदा १९९.६५ वर आणला. त्यानंतर इथर १२.५५ टक्के उसळून वर आला, पण टोकनच्या हातात आता माल कमी. भांडवल पोचतं ९१.६० पर्यंत. एका दिवसात ८.४ टक्के गेले आणि बंद भावांच्या यादीत त्या दिवसाची हालचाल दिसते शून्य! वरचं शीट हे पकडू शकत नाही. त्यासाठी रोजचा नीचांक पाहावा लागतो. कँडलला खाली लांब शेपूट असेल आणि टोकन त्या दिवसानंतर शीटपेक्षा मागे पडलेलं असेल, तर काप तिथे बसलाय असं समजा. तुमचा हिशेब जुळतोय, म्हणजे दोन महिन्यांत असा दिवस आलेला नसावा, एवढं तरी नशीब.

रोजच्या वेळी असो वा मधेच, पडल्यावर सौदा कापणं वाईटच असतं असं मात्र नाही. त्याच्यामुळेच तुमचं लिक्विडेशन होत नाही. इथर सलग चार दिवस दहा-दहा टक्के पडला तर तो ६५.६१ वर येतो. तुम्ही स्वतः साधा तिप्पट मार्जिनचा सौदा घेऊन बसला असतात तर तोवर खातं साफ झालं असतं. टोकनचे मात्र १०० चे २४ उरतात. सलग चढतानाही टोकनला फायदा होतो: तीन दिवस दहा-दहा टक्के चढून इथर १३३.१ झाला तर तिप्पट म्हणजे ९९ टक्के नफा व्हायला हवा, टोकन देतं जवळपास १२०. एका दिशेने चाललेल्या बाजारात रोज चढल्यावर घेणं हाच शहाणपणा ठरतो. आडव्या बाजारात तेच अंगाशी येतं. टोकन विकत घेतलंत तेव्हा तुम्ही दोन पैजा लावल्यात: इथर चढेल ही एक, आणि फारसे हेलकावे न खाता चढेल ही दुसरी. दुसरी लावल्याचं कुणी तुम्हाला सांगितलं नाही.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ‘तिप्पट वेगाने भरून निघेल’ यात थोडं तथ्य आहे. ७० चे परत १०० व्हायला टोकन ४३ टक्के चढायला हवं आणि त्यासाठी इथरने आजपासून सरळ रेषेत साडेबारा टक्क्यांच्या आसपास चढलं तर पुरेल. पण इथर सरळ रेषेत चढत नसतो. तो चढता चढताही रोज चार टक्के हलणार आणि झीज चालूच राहणार. तुमच्या टोकनची झीज आणि खर्च मिळून सध्या दिवसाला ०.६ टक्के पडतात. म्हणजे टोकन नुसतं जागेवर उभं राहायला इथरने रोज ०.२ टक्के चढलं पाहिजे. ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षभराचं चक्रवाढ लावून पाहा: हेलकावे आणि फंडिंग असेच राहिले तर इथर दुप्पट झाल्यावर तुमचं टोकन कुठे आजच्या भावावर असेल.

म्हणून ‘थांब’ या सल्ल्याची किंमत रोज वाढत जाते. आज बरोबरीत यायला इथर साडेबारा टक्के वर हवा. आणखी एक महिना असाच घुटमळत गेला तर वीस टक्के वर हवा. साध्या इथरमध्ये थांबण्याचं असं भाडं पडत नाही. तिथे तुमची बरोबरीची किंमत घेतल्या दिवशी ठरते आणि तिथेच राहते.

ETH3S बाबत मी सरळ ‘नको’ म्हणेन. तुम्हाला वाटतंय की एक वर तर दुसरं खाली, तोल राहील. त्याच दोन दिवसांवर शॉर्ट टोकन चालवून पाहा. इथर १० टक्के चढला, शॉर्ट टोकन १०० चं ७० झालं. मग इथर ९.०९ टक्के पडला, टोकन २७.२७ टक्के चढलं. सत्तरचे झाले ८९.०९. लाँगने साडेपाच गमावले, शॉर्टने अकरा. तिप्पट शॉर्ट टोकन तिप्पट लाँगच्या दुपटीने झिजतं, कारण रोज तिनावर परतायला त्याला दुप्पट माल हलवावा लागतो. बाजार वर गेला की शॉर्टचं भांडवल कमी होतं आणि सौदा मोठा होतो, म्हणजे कापावं लागतं दोन्हीकडून. दोन्ही टोकनं एकत्र ठेवलीत तर आडव्या बाजारात दोन्हीकडून झिजाल आणि वर शुल्कही दोनदा भराल. फंडिंग शॉर्टला मिळतं हे खरं, पण रोज ४ टक्के हलणाऱ्या बाजारात दिवसाला जवळपास एक टक्का झिजत असताना ०.०९ टक्क्याचं कौतुक ते काय!

अशी गफलत तुमची एकट्याची झालेली नाही. एफटीएक्सने ही टोकनं २०१९ मध्ये आणली. बायनान्सने ती आपल्याकडे लावली आणि मार्च २०२० मध्ये, बऱ्याच वापरकर्त्यांना ती समजत नाहीत हे कारण देऊन, काढूनही टाकली. काही महिन्यांत त्यांनी BTCUP, BTCDOWN अशी स्वतःची टोकनं आणली. त्यांत लिव्हरेज एका आकड्यावर न बांधता पट्ट्यात हलू दिलं, म्हणजे रोजच्या रोज घ्या-विका करावं लागू नये. झीज त्याने कमी होते, संपत नाही, आणि उद्या नेमकं किती पट मिळणार हे धारकाला कळत नाही. ती टोकनंही २०२४ मध्ये बंद झाली. शेअर बाजारातल्या लिव्हरेज्ड ईटीएफचं दुखणंही हेच. अमेरिकेत दलालांवर देखरेख करणाऱ्या फिन्राने जून २००९ मध्येच दलालांना लेखी सांगितलं होतं की रोज रिसेट होणारे असे फंड एका सत्राहून जास्त काळ धरून ठेवणाऱ्या किरकोळ गुंतवणूकदारांसाठी साधारणपणे योग्य नाहीत, विशेषतः हेलकावणाऱ्या बाजारात.

तर तुमच्या ७० डॉलरचं काय करायचं? शंभरावर परत येण्याचा विचार डोक्यातून काढा. ते शंभर टोकनला माहीत नाहीत. सत्तर डॉलर आज नव्याने हातात आले असं समजा आणि पुढच्या महिन्याचा विचार करा. हेलकावे असेच राहिले, तर महिन्याभरात इथर ५ टक्के चढल्यास साधा इथर तुम्हाला ५ टक्के देईल, आणि तुमचं टोकन ३ टक्क्यांनी खाली असेल. इथर १२ टक्के चढला तर टोकन सुमारे १७ देईल, म्हणजे पाच टक्के जास्त. इथर १० टक्के पडला तर साधा इथर १० गमावेल आणि टोकन ३९. दोघांची बरोबरी होते महिन्याला साडेनऊ टक्क्यांच्या चढाला. तेवढा इथर महिन्याभरात चढेल अशी तुमची खात्री असेल, आणि ती कशावरून आहे हे तुम्ही स्वतःला सांगू शकत असाल, तरच टोकन ठेवा. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. दिसला तो तोटा भरून काढायचा आग्रह.

मी तुमच्या जागी असतो तर टोकन विकलं असतं. इथरवर विश्वास असेल तर त्याच पैशांचा साधा इथर घेतला असता. विकताना फक्त एक करा: आधी टोकनच्या पानावर एनएव्ही पाहा आणि त्याच्या जवळपास लिमिट ऑर्डर लावा. या टोकनांच्या ऑर्डर बुकमध्ये खरेदीदार विरळ असतात. मार्केट ऑर्डर मारलीत तर जाता जाता आणखी एखादा टक्का सोडून याल.

आणि पुढे कधी टोकन घ्यावंसं वाटलंच, तर घेण्याआधी मागच्या तीस दिवसांचे भाव त्याच शीटमध्ये टाका. इथरने या तीस दिवसांत दिलेलं एका चौकटीत, PRODUCT चं उत्तर शेजारच्या चौकटीत. ते दोन आकडे बघून मग काय ते ठरवा.